ग्राम–श्मिट प्रक्रिया आणि QR विघटन

दिलेल्या सदिशांपासून परस्परांना लंब आणि एकक लांबीचे सदिश घडवण्याच्या रीतीला ग्राम–श्मिट प्रक्रिया म्हणतात. मूळ सदिश मॅट्रिक्स A चे स्तंभ म्हणून मांडले, तर या प्रक्रियेतूनच A = QR हे विघटन हाती येते. Q चे स्तंभ म्हणजे नवे लंब सदिश आणि R ही ऊर्ध्व त्रिकोणी मॅट्रिक्स. डॅनिश गणिती योर्गन ग्राम (१८८३) आणि जर्मन गणिती एरहार्ड श्मिट (१९०७) यांच्यावरून हे नाव पडले. या प्रक्रियेचा गाभा मात्र त्याआधी फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या कामातही दिसतो.

कल्पना एका ओळीची आहे: प्रत्येक नव्या सदिशातून आधीच्या लंब सदिशांच्या दिशेने पडणारे प्रक्षेप वजा करायचे आणि जे उरेल त्याला त्याच्या लांबीने भागायचे. a₁ = (1, 2, 2) आणि a₂ = (4, 5, 2) घेऊ. a₁ ची लांबी 3, म्हणून q₁ = (1, 2, 2)/3. आता q₁ आणि a₂ यांचा अदिश गुणाकार (4 + 10 + 4)/3 = 6 येतो. a₂ मधून 6q₁ = (2, 4, 4) वजा केल्यावर (2, 1, −2) उरतो. त्याची लांबी 3, म्हणून q₂ = (2, 1, −2)/3. वाटेत आलेले आकडे फेकून द्यायचे नाहीत, कारण तेच R मध्ये बसतात: पहिल्या ओळीत 3 आणि 6, दुसऱ्या ओळीत 0 आणि 3. ते शून्य योगायोगाने आलेले नाही. a₁ घडवायला फक्त q₁ लागतो, a₂ ला q₁ आणि q₂, आणि हाच क्रम पुढे चालतो. एखादा सदिश आधीच्या सदिशांवर पूर्ण अवलंबून असेल, तर वजाबाकीनंतर काहीच उरत नाही आणि R च्या कर्णावर शून्य येते.

कागदावर हे सारे निर्दोष चालते. संगणकावर मात्र सदिश जवळजवळ अवलंबून असले की घात होतो. स्विस गणिती लॉइश्ली यांचे उदाहरण इथे फार बोलके आहे. e = 10⁻⁸ मानून (1, e, 0, 0), (1, 0, e, 0) आणि (1, 0, 0, e) हे तीन सदिश घ्या. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत 1 + e² चे उत्तर 1 च येते, कारण e² इतका लहान आकडा त्या बेरजेत टिकत नाही. त्यामुळे q₁ = (1, e, 0, 0) आणि q₂ = (0, −1, 1, 0)/√2 मिळतात. तिसऱ्या सदिशाचा q₁ बरोबरचा अदिश गुणाकार 1 आणि q₂ बरोबरचा 0 येतो. उरतो (0, −e, 0, e), म्हणून q₃ = (0, −1, 0, 1)/√2. आता q₂ आणि q₃ यांचा अदिश गुणाकार करून पाहा: उत्तर 1/2. नव्वद अंशांच्या जागी साठ अंशांचा कोन!

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की QR चा गुणाकार तरीही A शी जवळजवळ तंतोतंत जुळतो. म्हणजे A − QR तपासून ही चूक सापडणार नाही; QᵀQ − I किती मोठे आहे तेच पाहावे लागते. R च्या कर्णावरची संख्या मूळ स्तंभाच्या लांबीपेक्षा फारच लहान असणे ही आधीच मिळणारी खूण. जवळजवळ समान आकड्यांची वजाबाकी झाली आहे आणि अचूक अंक त्यात गळून गेले आहेत, असा तिचा अर्थ.

उपाय आश्चर्य वाटावे इतका छोटा आहे. पुढचा प्रक्षेप मूळ स्तंभावरून न काढता, आतापर्यंतच्या वजाबाकीतून जे उरले त्यावरून काढायचा. हीच सुधारित ग्राम–श्मिट प्रक्रिया. k क्रमांकाच्या स्तंभासाठी ती Python च्या NumPy मध्ये अशी लिहितात:

```
v = A[:, k].astype(float)
for j in range(k):
    R[j, k] = Q[:, j] @ v    # मूळ रीतीत v ऐवजी A[:, k]
    v -= R[j, k] * Q[:, j]
R[k, k] = (v @ v) ** 0.5
Q[:, k] = v / R[k, k]
```

वरच्या उदाहरणात q₂ चा प्रक्षेप आता (0, −e, 0, e) वरून निघतो, तो शून्य येत नाही, आणि q₃ ची दिशा (0, −1, −1, 2) होते. ती q₂ ला लंबच आहे. q₁ शी मात्र सुमारे 4 × 10⁻⁹ इतका फरक राहतो. हे अपेक्षितच आहे. स्तंभ एकमेकांवर किती जवळजवळ अवलंबून आहेत हे सांगणारा मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर जितका मोठा, त्या प्रमाणात सुधारित रीतीतही लंबता ढळते. मूळ रीतीत ती साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ढळते, एवढाच फरक. पूर्ण लंबता हवीच असेल, तर उरलेल्या सदिशावर सर्व प्रक्षेप आणखी एकदा वजा करतात. बहुतेक वेळा ही दुसरी फेरी पुरते. सदिश संपूर्ण अवलंबून असतील, तर तिचाही उपयोग नाही, कारण उरलेल्यात गोलाईच्या चुकांशिवाय काहीच नसते.

सगळे स्तंभ आधीपासून हाताशी असतील, तर बहुतेक गणनासंच हाउसहोल्डरच्या परावर्तनांनी QR काढतात, कारण त्यात Q ची लंबता A कशीही असली तरी टिकते. ग्राम–श्मिट उपयोगी पडते ती सदिश एकेक करून तयार होत असतात तेव्हा. विरळ मॅट्रिक्सचे आयगेन सदिश शोधणाऱ्या आर्नोल्डी पद्धतीत नवा सदिश आधीच्या लंब सदिशांवरूनच घडतो, आणि तो आला की लगेच लंब करून घ्यावा लागतो.