क्लच स्विच (मोटारगाडी)

क्लच स्विच हा क्लचच्या पेडलवर, डॅशबोर्डखाली बसवलेला लहानसा विद्युत स्विच असून पेडल पूर्ण दाबल्याखेरीज स्टार्टर मोटर, म्हणजे बोलीतला ‘सेल्फ’, फिरू न देणे हे त्याचे काम असते. गाडी गिअरमध्ये राहून सेल्फ लागला तर ती उडी घेते, म्हणून ही योजना केलेली असते. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत स्विचचा संकेत पोहोचला नाही की पडद्यावर ‘Press clutch to start’ हा संदेश टिकून राहतो.

निदानाची सुरुवात सेल्फपासून करावी. सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, अशा वेळी क्लच स्विचला दोष देण्यात अर्थ नसतो, कारण सेल्फ फिरला याचाच अर्थ स्विचने परवानगी दिली आहे. तिथे इंधनपंप, क्रँक सेन्सर किंवा इमोबिलायझर तपासावा. दिवे मंदावून नुसती टकटक ऐकू आली तर बॅटरी उतरलेली असते. दिवे लख्ख, सेल्फ मात्र गप्प आणि संदेश कायम असेल तरच संशय क्लच स्विचवर जातो.

जालन्यातील आठ-नऊ वर्षे उन्हात उभ्या राहणाऱ्या एका गाडीचे उदाहरण घेऊ. पेडल तळापर्यंत दाबूनही संदेश जात नाही. प्रथम जाड मॅट काढून पाहावी, कारण तिच्यामुळे पेडल बोटभर वरच अडते. तरीही फरक पडला नाही, पण पायाशी प्लॅस्टिकचे पिवळट, कुरकुरीत तुकडे सापडले, तर बहुधा पेडलच्या पट्टीवरील स्टॉपर तुटलेला असतो. स्टॉपर नसला की स्विचची दांडी पट्टीच्या भोकात शिरते आणि दाबली जात नाही. खात्रीसाठी गिअर न्यूट्रलला ठेवून, हँडब्रेक ओढून, एकाने ती दांडी बोटाने दाबावी आणि दुसऱ्याने स्टार्ट बटण दाबावे. सेल्फ लागला तर स्विच व वायर ठीक असून फक्त स्टॉपर बदलायचा असतो, जो स्विचच्या मानाने अगदीच किरकोळ वस्तू आहे. सेल्फ लागला नाही तर जोडणी सोडवून मल्टिमीटर लावावा: साध्या दोन वायरींच्या स्विचमध्ये दांडी दाबल्यावर रोध शून्याजवळ यावा.

हे निदान पेडलच्या तळाशी दाबल्या जाणाऱ्या स्विचला लागू पडते. काही गाड्यांत मोकळे पेडलच स्विच दाबून ठेवते. तिथे हाच स्टॉपर तुटला की उलट घडते, क्लच न दाबताच सेल्फ लागतो. तक्रार नसल्यामुळे हा बिघाड अनेकदा लक्षातच येत नाही, आणि खरा धोका त्याचाच आहे. दोन वायरी कायमच्या जोडून ‘काम भागवले’ तरी नेमकी हीच स्थिती निर्माण होते, त्यामुळे असा जोड गाडी गॅरेजपर्यंत नेण्यापुरताच ठेवावा.