भावगीत म्हणजे कवितेला लावलेली नुसती चाल?

“कविता तयारच असते. तिला चाल लावली, गोड गळा मिळाला की भावगीत झालं, नाही का?”

नाही. फोंड्याच्या आमच्या शिकवणीत मी एक साधी ओळ देतो: ‘जाऊ नको थांबू जरा’. श्वास ‘नको’नंतर घेतला तर कुणी कुणाला थांबवतंय. ‘जाऊ’नंतर घेतला तर निघायची घाई आहे. अक्षर एकही बदललं नाही, अर्थ मात्र उलटला. म्हणून चाल बांधतानाच ठरवावं लागतं, ओळ कुठे तोडायची आणि तालाची पहिली मात्रा, म्हणजे सम, कोणत्या शब्दावर आणायची.

स्वराच्या लांबीचंही तसंच. ‘दिन’मधली ‘दि’ ताणली की ऐकणाऱ्याला ‘दीन’ ऐकू येतं, दिवसाचा गरीब होतो! इथे चाल बदलावी, नाहीतर कवीकडून दुसरा शब्द मागावा. असं मागणं कवितेचा अपमान नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि गळा? आपल्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी ‘शब्दावाचून कळले सारे’ गातात, ते ऐका. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची. अभिषेकी रागदारीचे गवई, तरी तानांनी शब्द झाकत नाहीत.