जलस्थितिक विरोधाभास
टाकीच्या तळावर स्थिर पाण्याचा दाब किती पडेल, हे फक्त पाण्याच्या उंचीवरून ठरते. टाकी रुंद आहे की निमुळती, तिच्यात पाणी किती मावते, याचा त्याच्याशी संबंध नाही. सूत्र p = ρgh (ρ घनता, g गुरुत्वत्वरण, h पृष्ठभागापासूनची खोली). पाण्यासाठी दर 10 मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण 1 किलो वजनाइतका दाब येतो. सायमन स्टेव्हिन याने 1586 मध्ये हे मांडले, तर पास्कलचा याविषयीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 मध्ये निघाला.

विरोधाभास वाटतो तो असा. एका भांड्याच्या तळाचे क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर आणि उंची 10 सेंटिमीटर आहे. त्याच्या बंद झाकणात 1 चौरस सेंटिमीटर छेदाची, 90 सेंटिमीटर उंच नळी उभी बसवली आहे. भांडे आणि नळी काठोकाठ भरली, तर आत पाणी जेमतेम 1.09 किलो असते. तळावर मात्र 1 मीटर उंचीचा दाब, म्हणजे एकूण 10 किलोंचा भार पडतो. हे जादा 8.91 किलो आले कुठून?

उत्तर झाकणात आहे. नळीची जागा सोडली तर झाकणाचे 99 चौरस सेंटिमीटर उरतात, आणि तिथे वर 90 सेंटिमीटर पाणी असल्याइतका दाब आहे. पाणी झाकणाला 8.91 किलोंच्या जोराने वर ढकलते. झाकण तेवढ्याच जोराने पाण्याला खाली दाबते. 1.09 अधिक 8.91, झाले 10. तळ वेगळा करून नुसता खालून धरून ठेवायचा असेल, तर खरोखरच 10 किलोंचा जोर लावावा लागेल. पण अख्खे भांडे काट्यावर ठेवले, तर पाण्याचे वजन 1.09 किलोच भरते, कारण झाकणावरचा वरचा रेटा भांड्यातच वजा होतो. तळावरचा भार आणि काट्यावरचे वजन या दोन गोष्टी एकच मानल्या की गोंधळ झालाच. वर पसरत जाणाऱ्या भांड्यात उलटे घडते: जादा पाणी तिरप्या भिंती पेलतात.

म्हणूनच गच्चीवरची 500 लिटरची टाकी काढून त्याच पातळीपर्यंत भरणारी 1,000 लिटरची बसवली, तरी खालच्या नळाचा जोर वाढत नाही; पाणी जास्त वेळ पुरते एवढेच. जोर वाढवायचा तर टाकी उंच चढवावी लागते. नळ सुरू केल्यावर मात्र हे सूत्र पुरत नाही. वाहत्या पाण्याचा दाब अरुंद किंवा गंजलेल्या पाइपात घर्षणाने घटतो. नळ बंद असताना दाबमापक पूर्ण दाब दाखवतो आणि उघडताच काटा पडतो, तेव्हा दोष टाकीच्या उंचीत नसून पाइपात असतो. टाकीचे झाकण हवाबंद असेल, तर आतल्या हवेचा दाबही हिशेबात धरावा लागतो.