रेंज असूनही मोबाइल इंटरनेट न चालणे

मोबाइलच्या पडद्यावर सिग्नलच्या सर्व दांड्या भरलेल्या दिसतात, फोनही लागतो, पण ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही, अशा स्थितीस बोलीभाषेत ‘रेंज फुल, पण नेट नाही’ असे म्हणतात. मनोऱ्याकडून दोष आलेला नसल्यास या स्थितीची बहुतांश कारणे दोन ठिकाणी सापडतात. पहिले ठिकाण फोनमधील अ‍ॅक्सेस पॉइंट नेम, म्हणजे एपीएन, हे असून दुसरे ठिकाण डेटाच्या मर्यादेचे आहे. ही मर्यादा कंपनीने घातलेली असते किंवा वापरणाऱ्याने स्वतःच फोनमध्ये घातलेली असते. दोन्ही दोषांचे पहिले दर्शन सारखेच असले, तरी थोडे निरखून पाहिल्यास त्यांतील फरक कळतो.

दांड्यांचा अर्थ मुळात मर्यादित आहे. जवळच्या मनोऱ्याकडून येणारी रेडिओ लहर फोनपर्यंत किती जोरात पोहोचते, एवढेच त्या सांगतात. इंटरनेट मिळण्यासाठी त्यापुढे आणखी एक पायरी असते. फोन जाळ्यात नोंदला गेल्यावर त्याला डेटासाठी स्वतंत्र जोडणी मागावी लागते, आणि ती मागताना कोणत्या दारातून बाहेर जायचे त्याचे नाव द्यावे लागते. हे दार म्हणजे कंपनीच्या जाळ्याच्या टोकाशी असलेले गेटवे यंत्र होय. ते फोनला आयपी पत्ता देते आणि त्याची माहिती बाहेरच्या इंटरनेटकडे पोहोचवते. दांड्यांशेजारी उमटणारे ‘4G’ किंवा ‘5G’ हे चिन्ह म्हणून अधिक बोलके असते. दांड्या आहेत पण हे चिन्हच नाही, असे दिसल्यास डेटा बंद असल्याचा किंवा डेटाची जोडणी झालेली नसल्याचा संशय आधी घ्यावा.

दाराचे नाव म्हणजेच एपीएन. भारतात जिओचे `jionet`, एअरटेलचे `airtelgprs.com`, तर बीएसएनएलचे `bsnlnet` हे नाव प्रचलित आहे. यांतील मधले नाव संकेतस्थळाच्या पत्त्यासारखे दिसत असले, तरी ते ब्राउझरमध्ये टाकून काही उघडण्यासाठी नाही. त्याचा शोध कंपनीच्या अंतर्गत नामव्यवस्थेत घेतला जातो. त्यातील ‘gprs’ ही अक्षरे टू-जी काळातील डेटासेवेची खूण असून तंत्र तीन पिढ्या पुढे गेले तरी नाव तसेच राहिले आहे. फाइव्ह-जीच्या प्रमाणकात याच कल्पनेला डेटा नेटवर्क नेम असे निराळे नाव मिळाले आहे.

सामान्यतः हे नाव कोणाला भरावे लागत नाही. सिमवर देश आणि कंपनी ओळखणारे आकडे असतात. भारतासाठी देशाचे आकडे 404 आणि 405 आहेत. ते वाचून फोन स्वतःजवळच्या यादीतून योग्य एपीएन निवडतो. परदेशातून आणलेल्या फोनच्या यादीत भारतीय कंपनीची नोंद नसणे, कोणी हाताने भरताना नावापुढे रिकामी जागा सोडणे किंवा वॅप या मोबाइल इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या काळातील प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या सर्व्हरचा, पत्ता तसाच राहणे, यांपैकी काही घडले की गडबड होते. प्रॉक्सीचा दोष विशेष फसवा असतो, कारण जोडणी होते, आयपी पत्ताही मिळतो, फक्त पाने येत नाहीत. अँड्रॉइडमध्ये ‘APN type’ या रकान्यातील `default` हा शब्द पुसला जाऊन दुसरेच शब्द उरले, तरी ती नोंद सर्वसाधारण इंटरनेटसाठी वापरली जात नाही. चुकीच्या नावाला जाळे ‘अज्ञात एपीएन’ असे कारण देऊन नकार देऊ शकते. मात्र फोर-जीमध्ये नाव रिकामे असल्यास जाळे ग्राहकाच्या नोंदीतील ठरलेले एपीएन लावू शकते, म्हणून रिकाम्या रकान्यावरही कधी कधी इंटरनेट सुरळीत चालते आणि दोष लपून राहतो.

आयफोनमध्ये हा दोष वेगळ्या वाटेने येतो. जपानमध्ये स्वस्त सिम देणाऱ्या अनेक कंपन्या एपीएनची माहिती ‘प्रोफाइल’ नावाच्या छोट्या संचिकेतून फोनमध्ये बसवायला सांगतात. तिथे काही वर्षे काढून पुण्याला परतलेल्या माणसाने त्याच फोनमध्ये भारतीय सिम घातले, तर रेंज येते, बोलणे होते, पण जुने प्रोफाइल नव्या सिमवरही जपानी दाराचेच नाव पुढे करत राहते आणि डेटा मिळत नाही. अशा वेळी सिम बदलून किंवा फोन बंद-चालू करून काही साधत नाही. ‘General’मधील ‘VPN & Device Management’ येथे जाऊन ते प्रोफाइल काढून टाकावे लागते. अँड्रॉइडवर याच जागी मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘Access Point Names’ उघडून मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय निवडतात, आणि नंतर विमान मोड काही क्षण चालू करून बंद करतात, म्हणजे फोन जोडणी नव्याने मागतो.

डेटा मर्यादेचा दोष भारतात अधिक वेळा भेटतो. रोज 1.5 जीबी देणाऱ्या योजनेत तो कोटा संपला की कंपनी जोडणी तोडत नाही; ती वेग घटवते, आणि अनेक योजनांत तो सेकंदाला 64 किलोबिटवर येतो. पडद्यावरचे चिन्ह मात्र पूर्ववत राहते. 64 किलोबिट म्हणजे 8 किलोबाइट. आजचे चित्रांसह 2 एमबीचे बातमीचे पान या वेगाने उतरायला 250 सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. त्यातच पार्श्वभूमीला चालणारी इतर अ‍ॅप हाच वेग वाटून घेतात, त्यामुळे पान पुरे होण्याआधीच ब्राउझर नाद सोडतो. सेकंदाला 2.5 मेगाबिट घेणारा व्हिडिओ तासाला सुमारे 1.1 जीबी खातो, म्हणजे एक चित्रपट अर्ध्याच्या पुढे गेला की दिवसाचा कोटा आटोपतो.

दोन दोष वेगळे करण्याची खूण येथेच आहे. नुसत्या मजकुराचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश एखाद-दोन किलोबाइटचा असतो. तो 64 किलोबिटच्या वेगातूनही जातो. संदेश रखडत का होईना पोहोचतो, पण छायाचित्र फिरत राहते, असे असेल तर कोटा संपलेला असण्याची शक्यता मोठी. संदेशही अजिबात जात नसेल, तर एपीएन, बंद पडलेला डेटा किंवा संपलेली वैधता यांकडे पाहावे. सकाळी इंटरनेट चालले, संध्याकाळी मंदावले आणि मध्यरात्रीनंतर आपोआप सुधारले, हा क्रम तर दैनिक कोट्याचाच असतो. चुकीचे एपीएन मध्यरात्री सुधारत नाही.

फोनमधील मर्यादा ही तिसरीच गोष्ट आहे. अँड्रॉइडमध्ये डेटाचा इशारा आणि डेटाची मर्यादा असे दोन आकडे ठरवता येतात. इशाऱ्याने फक्त सूचना येते. मर्यादा मात्र मोबाइल डेटा प्रत्यक्ष बंद करते, मग कंपनीकडे कितीही शिल्लक असो. ही मोजणी महिन्याच्या चक्रावर चालते आणि दैनिक योजनेशी तिचा मेळ बसत नाही, त्यामुळे कोणी पूर्वी घालून ठेवलेली 10 जीबीची मर्यादा महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक आड येते. कंपनीच्याच बाजूला डेटासेवा बंद केलेली असल्यास भारतात 1925 या क्रमांकावर `START` असा एसएमएस पाठवून ती सुरू करण्याची सोय आहे.

आषाढीला पंढरपुरात किंवा अनंत चतुर्दशीला मुंबईच्या चौपाटीवर पान न उघडण्याचे कारण यांपैकी कोणतेच नसू शकते. तेथे लहर जोरदार असते, पण एकाच मनोऱ्यावर हजारो फोन रांगेत असतात आणि ही गर्दी दांड्यांत मोजली जात नाही. अशा ठिकाणी एपीएन बदलून पाहणाऱ्याच्या हाती बहुधा एक नवा दोष तेवढा लागतो.