प्रोजेक्टची संख्या नव्हे, एका प्रोजेक्टची खोली

“प्रोफाइलमध्ये जितके जास्त विषय आणि प्रोजेक्ट, तितका परदेशातल्या प्राध्यापकांवर प्रभाव पडतो ना?”

नाही. कॅनडात थीसिस असलेल्या मास्टर्ससाठी बहुधा आधी एखादा प्राध्यापक तुम्हाला घ्यायला तयार व्हावा लागतो. तो पाहतो ते इतकंच, की हा विद्यार्थी माझ्या कामात बसतो का. ‘खारफुटी, मायक्रोप्लास्टिक, कोळंबी, हवामानबदल’ या रांगेतून ते कळत नाही.

समजा, रत्नागिरीच्या विद्यार्थिनीने लिहिलं, ‘काळबादेवी खाडीतल्या तिसऱ्यांचा अभ्यास’. हे फक्त शीर्षक झालं. त्याऐवजी असं लिहावं: ‘पावसात क्षारता घटल्यावर तिसऱ्यांची वाढ मंदावते का? तीन ठिकाणी दरमहा ओहोटीला रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता आणि प्रत्येकी ५० शिंपल्यांची लांबी मोजली. मोजमाप आणि आलेख माझे, प्रजातींची ओळख मार्गदर्शकांची. नोंदी सहाच महिन्यांच्या, त्यामुळे वार्षिक वाढीबद्दल निष्कर्ष नाही.’

शेवटचं वाक्य लिहायला मुलं घाबरतात, पण विश्वास त्यानेच बसतो. आपल्या आकड्यांतून काय सिद्ध होत नाही, हे तिला कळतं हे तिथे दिसतं. संशोधनाची आवडही तिथूनच लिहावी: वर्षभराच्या नोंदींत हा प्रश्न पुढे न्यायचा आहे.

जर्मनीत मात्र बहुतेक मास्टर्सचा प्रवेश समिती ठरवते. तिथे आधी प्राध्यापकांना मेल करून सहसा फरक पडत नाही.