'आयसोलेशन' कोणतं? खाटेजवळच्या यादीची पार्श्वभूमी

संसर्ग नियंत्रणाचं जाडजूड धोरण नर्सिंग स्टेशनच्या कपाटात असतं आणि सिस्टर खाटेजवळ असते. हे अंतर कमी करायला सिस्टरने टिक करायची एक पानी यादी आली. तिचं मूळ हात धुण्याची सक्ती झालेल्या १८४७ च्या व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात शोधतात, पण आजचा साचा जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांचा. हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण, अल्कोहोलच्या हँडरबने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६०. हे सगळं मोजूनच दिलेलं होतं, त्यामुळे यादीत उतरवायला त्रास पडला नाही.

घोळ झाला तो 'आयसोलेशन' या शब्दाने. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नियमावलीने ही कल्पना फोडली. सर्व रुग्णांसाठी मूलभूत खबरदारी, आणि त्यावर संसर्ग जसा पसरतो तशी स्पर्शाची, थेंबांची किंवा हवेची जादा खबरदारी. तरीही 'रुग्णास आयसोलेशनमध्ये ठेवावे' अशी वाक्यं धोरणांत टिकून राहिली. कोविडकाळात 'विलगीकरण' हा शब्द आजारी माणसालाही लागला आणि नुसता संपर्कात आलेल्या धडधाकट माणसालाही. मग वॉर्डात आयसोलेशन म्हणजे वेगळी खोली, एवढाच अर्थ उरला. खोली रिकामी नसेल तर काही करता येत नाही, अशी समजूत झाली. माझ्या मते यात सर्वांत जास्त नुकसान झालं.

अँटिबायोटिक्सनंतर पातळ जुलाब लागलेला, क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलचा रुग्ण घ्या. खोली मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तरी ग्लोव्हज, गाउन, स्वतंत्र कमोड आणि त्याच्यापुरता वेगळा बीपी कफ कॉमन वॉर्डातही जमतो. इथे हँडरब मात्र कामाचा नाही, कारण या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. ग्लोव्हज काढल्यावर साबण-पाणीच हवं, चोळून धुतल्याने बीजाणू निघून जातात. 'हात स्वच्छ केले का?' एवढंच छापलेलं असेल, तर सिस्टर हँडरब लावून प्रामाणिकपणे टिक करते आणि बीजाणू तिच्या हातावरून पुढच्या खाटेवर जातात.

थुंकीत टीबीचे जंतू सापडलेल्या रुग्णाचं उलट आहे. गाउनने फारसं काही साधत नाही. सिस्टरला एन-९५, रुग्णाला साधा सर्जिकल मास्क आणि बंद दाराची, बाहेरची हवा खेळणारी खोली लागते. इथे खोलीला पर्याय नाही. खिडकीजवळची खाट ही खोली मिळेपर्यंतची सोय.

थेंब आणि हवा यांच्यात कणाच्या आकारावरून पाच मायक्रॉनवर आखलेली रेषाही कोविडनंतर वादात सापडली, आणि २०२४ मध्ये जागतिक पातळीवर ती परिभाषाच बदलली. म्हणून अलीकडच्या चांगल्या याद्यांवर 'आयसोलेशन: होय / नाही' हा रकाना दिसत नाही. त्याच्या जागी कोणता मास्क, गाउन हवा का, दार बंद का आणि बाहेर पडताना साबण की रब, एवढंच विचारलेलं असतं.