हौदातलं औषध जातं कुठे?

मेंढ्यांना डिपिंग करणाऱ्यांकडून, म्हणजे अंगावरची कीड मारायला त्यांना औषधी पाण्याच्या हौदात बुडवून काढणाऱ्यांकडून, एक तक्रार नेहमी ऐकू येते: "औषधात आता दम राहिला नाही." पहिल्या मेंढ्या ठणठणीत होतात, पण शेवटी हौदात उतरलेल्या काही आठवड्यांत पुन्हा कुंपणाला अंग घासू लागतात. मग औषध बनावट ठरतं, नाहीतर कीड निर्ढावली असं म्हटलं जातं. कीड खरोखरच एखाद्या औषधाला दाद देईनाशी होते, हे खरं आहे. पण त्याआधी हौदाचा हिशेब तपासायला हवा, कारण बऱ्याचदा चूक तिथेच असते. तिच्यामागचं रसायनशास्त्र मला फार सुंदर वाटतं.

आधी शत्रूंची ओळख करून घेऊ. लोकर कुरतडणाऱ्या उवा त्वचेवरची पापुद्री खातात आणि अंडी लोकरीच्या धाग्यांना चिकटवतात. दुसरी असते मेंढीमाशी, म्हणजे केड. पंख नसलेली ही माशी रक्त पिते. ती अंडी घालत नाही, पूर्ण वाढलेली अळी एकेक करून लोकरीत सोडते. त्या अळीचा लगेच तपकिरी, टणक कोष होतो आणि तीन-साडेतीन आठवड्यांनी त्यातून नवी माशी बाहेर पडते. तिसरा खरजेचा माइट, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किड्यासारखा जीव. तो कातडीत बीळ करत नाही, कातडीवरच राहतो आणि जखमेच्या कडेकडेने पसरतो. त्याची पिढी साधारण 14 दिवसांत पूर्ण होते.

आता हौदाकडे वळू. डिपिंगची बरीच औषधं, उदाहरणार्थ डायझिनॉन किंवा सायपरमेथ्रिन, पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात, म्हणूनच पाणी दुधाळ दिसतं. या रेणूंना पाणी नकोसं असतं, त्यांना ओढ असते स्निग्ध पदार्थाची. मेंढीच्या लोकरीवर तर लॅनोलिन या मेणासारख्या पदार्थाचा लेप असतो. मेंढी हौदात उतरली की औषध पाणी सोडून या लेपात शिरतं. भिजलेली मेंढी बाहेर येते तेव्हा तिच्या अंगावर नुसतं हौदाचं पाणी नसतं. त्या पाण्याच्या वाट्याला येईल त्यापेक्षा बरंच जास्त औषध तिने उचललेलं असतं.

यात मेंढीचा फायदाच आहे. लोकरीच्या मेणात मुरलेलं औषध पुढे काही आठवडे टिकतं. केडच्या टणक कोषाला डिपिंगने काही होत नाही, पण तीन आठवड्यांनी बाहेर पडलेली माशी याच मेणातल्या औषधाने मरते. पंचाईत होते ती हौदाची, कारण प्रत्येक मेंढीगणिक मागे उरणारं पाणी फिकं होत जातं आणि दिसतं मात्र तसंच दुधाळ.

एक हिशेब मांडू. हौद 1500 लिटरचा आहे. बाटलीत दर लिटरला 600 ग्रॅम औषध आहे आणि लेबलनुसार दर लिटर पाण्यात 400 मिलिग्रॅम हवं. म्हणजे हौदाला बरोबर 1 लिटर मूळ औषध लागेल. समजा, निथळून झाल्यावर प्रत्येक मेंढी अडीच लिटर पाणी घेऊन गेली, तर 60 मेंढ्यांमागे 150 लिटर पाणी कमी होईल. त्या पाण्याबरोबर 60 ग्रॅम औषध जायला हवं होतं. लोकरीने दुप्पट उचललं असं धरलं, तर 120 ग्रॅम गेलं.

आता पातळी भरून काढताना नुसतं पाणी ओतलं तर हौदात दर लिटरला 320 मिलिग्रॅम उरतं. 180 मेंढ्या होईपर्यंत हेच करत राहिलात तर 205, म्हणजे जेमतेम निम्मं. "आम्ही पाणी नाही, सुरुवातीच्याच प्रमाणात औषध घालून भरतो," असं म्हणणारेही फसतात. त्यांचा हौद तेवढ्याच मेंढ्यांनंतर 302 वर आलेला असतो, म्हणजे एक चतुर्थांश औषध गायब. भर घालताना प्रमाण दुप्पट ठेवलं, म्हणजे 150 लिटर पाण्यात 200 मिलिलिटर मूळ औषध घातलं, तरच हौद 400 वर राहतो. लेबलवर पहिल्या भरणीचं आणि नंतरच्या भरीचं प्रमाण वेगवेगळं छापलेलं असतं ते याचसाठी. माझ्या हिशेबातली दुप्पट ही समजुतीपुरती आहे. प्रत्यक्षात लेबलवरचाच आकडा पाळायचा, कारण औषधागणिक आणि लोकरीच्या लांबीगणिक तो बदलतो.

हा सगळा हिशेब हौदाच्या मापावर उभा आहे. लांबी, रुंदी, खोली गुणून काढलेलं माप उतरत्या तळामुळे चुकतं. त्यापेक्षा हौद एकदा मोजलेल्या बादल्यांनी भरावा आणि दर 100 लिटरला एका काठीवर खाच पाडावी. पुढे ती काठी बुडवली की किती पाणी गेलं ते तिथल्या तिथे कळतं. शेण-मातीसुद्धा औषध धरून ठेवते, म्हणून मेंढ्या आत घ्यायच्या आधी त्यांचे पाय स्वच्छ झालेले बरे. सुरुवातीच्या दर 2 लिटर पाण्यामागे एक मेंढी झाली, म्हणजे आपल्या हौदात 750 झाल्या, की तो रिकामा करून नव्याने भरायचा. घाण पाणी रात्रभर ठेवून सकाळी वापरलं तर त्यात वाढलेले जिवाणू पायांच्या खरचटण्यातून शिरतात आणि चार-पाच दिवसांत मेंढ्या लंगडू लागतात.

खरजेसाठी मेंढी पूर्ण एक मिनिट पाण्यात हवी, डोकं एक-दोनदा बुडवून लगेच वर घ्यायचं. मिनिट घड्याळावर मोजा, अंदाजाने ते हमखास वीस सेकंदांचं होतं. "एका फवाऱ्यात खरूज साफ" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. फवारा नुकत्याच कातरलेल्या मेंढीवर उवा आणि केडसाठी चालतो, तोही कातडी ओली होईपर्यंत मारला तर. वाढलेल्या लोकरीत तो वरवरच राहतो. खात्री करायची तर लोकर बोटांनी फाकवून बघावी. मुळाशी कोरडी कातडी दिसली तर त्या जागेचा माइट जिवंत आहे.

औषधाची हीच स्निग्धतेची ओढ माणसाच्या जिवावर उठते. डायझिनॉन आपल्या कातडीतून सहज आत जातं आणि नसांमधलं एक विकर बंद पाडतं. नसांचा निरोप पोहोचवून झाला की तो पुसण्याचं काम हे विकर करतं. ते थांबलं की निरोप वाजतच राहतात: डोकं दुखतं, घाम आणि लाळ सुटते, नजर धूसर होते, छाती आवळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात.

सगळ्यात मोठा धोका हौदाच्या शिंतोड्यांचा नसून बाटली उघडून मूळ औषध मोजण्याच्या त्या दोन मिनिटांचा आहे. आपल्या उदाहरणातलं मूळ औषध हौदातल्या पाण्याच्या 1500 पट तीव्र आहे. ब्रिटनमध्ये 1999 च्या अखेरीस डायझिनॉनच्या गटातली डिपिंगची औषधं विक्रीतून काढून घेतली होती, ती बाटल्यांची रचना सुधारून हाताळणाऱ्याला मूळ औषध कमीत कमी लागावं यासाठी.

म्हणून मोजतानाच जाड नायट्राइलचे लांब हातमोजे, चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल, रबरी एप्रन आणि गमबूट हवेत. पँट बुटात खोचू नका, बाहेर सोडा, नाहीतर ओघळ थेट बुटात उतरतो. कापडी किंवा चामडी हातमोजे तर रिकाम्या हातापेक्षाही वाईट, कारण ते औषध शोषून दिवसभर कातडीला लावून ठेवतात. काम संपलं की मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे, ढाल आणि एप्रन उतरवायचा आणि मोजे शेवटी काढायचे. ओल्या मेंढ्यांनाही उघड्या हाताने धरू नये. संध्याकाळी डोकं जड वाटलं तर थकवा समजून झोपू नका. डॉक्टरांकडे जा आणि जाताना औषधाचं लेबल बरोबर न्या.